पिशवीभर चिंचोके आणि विहिरीचा दोर

शिकवायला निघालेल्या बाईने चिंचेच्या झाडाशेजारच्या शाळेत बक्षीस म्हणून चिंचोके वाटावेत, यापरता मूर्खपणा मी उभ्या आयुष्यात दुसरा केला नाही. बरोबर उत्तर दिलं की एक चिंचोका. दहा जमले की माझ्याकडून गुळाचा खडा. पहिला आठवडा वर्ग असा शिकला की मी स्वतःवरच भाळले. दुसऱ्या आठवड्यात पोरांच्या खिशांतून चिंचोके ओसंडायला लागले आणि गूळ पुरेना. मी मोठी हुशार. चिंचोक्यांवर शाईचा ठिपका देऊ लागले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाची बोटं निळी.

हे लिहायचं कारण माझी नात. ती शिक्षणशास्त्राच्या पदवीला आहे. वर्गातल्या रोजच्या कामात वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद यांतला फरक सांगा, असा गृहपाठ तिला मिळालाय. तिला दोन रकाने आखून हवे होते. मी म्हटलं, रकाने तुझे तू आख, मी तुला चिंचोके देते. ज्ञानरचनावाद हा शब्द आमच्या वेळी आमच्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता. वस्तू मात्र होती, आणि तिच्यापायी मी जवळजवळ नापास झाले होते.

महाराष्ट्र नवा होता आणि मीही. मोताळ्याजवळच्या आमच्या गावातून मी बुलढाण्याला शिक्षकी शिकायला आले होते. दोन वेण्या, कडक इस्त्रीचं पातळ, आणि जगातल्या सगळ्या पोरांना आपणच शहाणं करणार अशी खात्री. बाबांनी एकच वर्ष दिलं होतं. "पास झाली तं नोकरी कर, मी आडवा येत नाही. नापास झाली तं मलकापूरचं स्थळ पक्कं करतो." मलकापूरच्या स्थळाची सरकी-ढेपेची पेढी होती, आणि त्यांना शिकवणारी सून नको होती. वर्षाच्या शेवटी एक वार्षिक पाठ असे. बाहेरून परीक्षक येत, वर्गात मागे बसत, आणि तेवढ्या एका तासावर सगळं ठरे.

आम्हाला अध्यापनपद्धती शिकवणारे सर कडक होते, पण खोटे नव्हते. ते सांगत, मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. दिसतं ते वागणं. म्हणून शिकणं म्हणजे वागण्यातला बदल. धडा लहान लहान पायऱ्यांत तोडा, प्रश्न विचारा, बरोबर आलं की लगेच शाबासकी द्या, म्हणजे ते उत्तर पक्कं होतं. याला ते प्रबलन म्हणत. सरावासाठी मला चिंचेच्या झाडाशेजारच्या शाळेतला एक वर्ग दिला होता; तिथले माझे चिंचोके त्यांना इतके आवडले की त्यांनी सगळ्या प्रशिक्षणार्थींना माझा वर्ग बघायला आणला. निळ्या बोटांचं कळल्यावर ते हसलेही नाहीत. म्हणाले, दर उत्तराला देऊ नका, मधूनच कधीतरी द्या. कधी मिळेल ते माहीत नसलं की सवय जास्त टिकते. आणि खरंच टिकली. पाढे तर असे पाठ झाले की पोरं वाटेनं म्हणत जायची. हे मी आजही नाकारत नाही. पाढ्यांना, वेळेवर यायला, घंटा झाली की गप्प बसायला सरांचं औषध लागू पडतं.

पण आणखीही एक झालं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, चौथीतली, नाकात चमकी, आवाज शेतातल्या सालदाराला हाका मारल्यासारखा. ती आधी मधल्या सुट्टीत वाचनाचं पुस्तक घेऊन बसायची. चिंचोके सुरू झाल्यावर बसेनाशी झाली. मी विचारलं, काऊन गं? तर म्हणाली, त्याचा चिंचोका नाही मिळत ना.

ते मी हसण्यावारी नेलं. मग आलं क्षेत्रफळ.

लांबी गुणिले रुंदी. फळ्यावर आयत काढायचा, आकडे घालायचे, वर्ग एका सुरात उत्तर देणार. तीन दिवसांत एकही चूक नाही. चमकीवाली सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी घुटमळली. तिच्या घरी वाटण्या होऊन राहिल्या होत्या. तिच्या बापाला आखूड, रुंद वावर, म्हणजे शेत, आलं होतं, काकाला लांबट, अरुंद. भोवतीचा धुरा, म्हणजे बांध, दोन्हींचा सारखाच भरत होता, पण काकाच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाला नजर पोचत नव्हती. काकाला जास्त मिळालं म्हणून बापाचं घरात रोज भांडण. तिनं मला विचारलं, "बाई, काकाचंच वावर मोठं ना?"

मी फळ्यावर दोन आयत काढले. तिनं फटाफट गुणाकार केला, बापाचं मोठं निघालं, तिनं हात पुढे केला, मी चिंचोका दिला. दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "हे शाळेतलं झालं. पण मोठं काकाचंच हाय."

तीन दिवस जिला मी शहाणी समजत होते, तिच्या डोक्यात मी काहीच हलवलं नव्हतं. उत्तर माझं होतं, वावर तिचं होतं, आणि दोघांची गाठच पडली नव्हती.

सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, उत्तर बरोबर आलं ना? मग ती शिकली. वार्षिक पाठ क्षेत्रफळाचाच घ्या, हाच वर्ग, हमखास पास व्हाल. मी म्हटलं, सर, ती बरोबर बोलते, पण मानत नाही. ते म्हणाले, मानणं मोजता येत नाही. माझी जीभ तेव्हाही आजच्यासारखीच होती. म्हटलं, मग तिच्या घरचं भांडण आपण मोजायचं की सोडवायचं? त्यांनी माझं पाठ टाचण तपासलं, प्रश्न, अपेक्षित उत्तरं, फलकलेखन, सारांश, सगळं, आणि सही केली. म्हणाले, यात काना-मात्रा बदलू नका.

रात्री मला झोप आली. लोकांना अशा वेळी येत नाही म्हणतात; मला आली. सकाळी उठून मी वसतिगृहाच्या विहिरीचा दोर सोडून घेतला.

परीक्षक वर्गात येऊन बसले, सर त्यांच्या शेजारी. मी पोरांना म्हटलं, आपापलं बस्कर घ्या आणि निंबाखाली चला. आमच्या शाळेची बसायची बस्करं एकाच गोणपाटातून कापलेली, चौकोनी, सारखी. परीक्षकांची खुर्ची शिपायानं उचलून बाहेर आणली. सरांनी माझ्याकडे पाहिलं ते मी पाहिलंच नाही.

वीस बस्करं कडेला कड लावून जेवढी लांब होतील तेवढा दोर मोजला आणि टोकं बांधली. विचारलं, हा धुरा. यात जास्तीत जास्त बस्करं मावायला हवीत, तर वावर कसं आखायचं? चमकीवाली पुढे आली. "लांबच लांब करा." दोर ताणून तिनं लांबट, अरुंद वावर केलं आणि बस्करं मांडली. एक रांग, नऊ बस्करं. मग समोरच्या पोरांनी तोच दोर चौकोनी धरला. पाच रांगा, रांगेत पाच.

चमकीवालीचं तोंड लाल. मला वाटलं आता ती मानेल. कसची मानते. "दोर ताणला यांनी," म्हणाली. पुन्हा मोजला, तेवढाच. मग म्हणाली, बस्करं एकावर एक चढवली. सगळी उचलून पुन्हा मांडली, पंचवीसच. मला इतकं सांगावंसं वाटत होतं की मी पदराचं टोक दातात धरलं. नातबाई, हे लिहून घे: तिच्या डोक्यात एक समजूत आधीच होती, आणि ती तिनं फुकट सोडायला नकार दिला. नवं उत्तर वरून ओतून ती जात नाही. तिची तिलाच अडचण व्हावी लागते, आणि मग तिनं स्वतः काहीतरी रचावं लागतं. मास्तरनं अडचण आणून ठेवायची, हाताशी सामान द्यायचं, नीट विचारायचं आणि मग तोंड आवरायचं. शेवटचं सगळ्यात अवघड.

ती दोराकडे बघत बसली. मग कुणी न सांगता तिनं मधलाच आकार धरला. दोन रांगा, रांगेत आठ. यावेळी बस्करं मांडलीच नाहीत. "दोन अठ्ठे सोळा," म्हणाली आणि थबकली. "बाई, हे तं तेच. लांबी गुणिले रुंदी म्हंजे रांगाच." मग हळूच, "लांब केलं की रांगा कमी होऊन राह्यल्या."

घंटा झाली. सारांश नाही, फलकलेखन नाही, गृहपाठ नाही. पिशवीतला एकही चिंचोका निघाला नव्हता.

ऑफिसात परीक्षकांनी माझं टाचण पुढे ठेवलं आणि विचारलं, यातलं तुम्ही काय शिकवलंत? मी म्हटलं, काहीच नाही. ती शिकली. टाचणाप्रमाणे शिकवलं असतं तर तिनं तुम्हाला बरोबर उत्तर दिलं असतं आणि घरी जाऊन चुकीचंच सांगितलं असतं. तुम्हाला नापास करायचं तर करा, पण आधी तिला विचारा. मी मागे हटले नाही. मलकापूरची पेढी डोळ्यांपुढे असली की माणूस शूर होतो.

परीक्षक सरांकडे वळले. सरांनी टाचणावरच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, पद्धत मला मान्य नाही. सांगितलेलं यांनी ऐकलं नाही. पण पाढा तिला पाठ नसता तर ती सोळावर पोचली नसती, आणि घंटेची सवय नसती तर निंबाखाली बाजार भरला असता. ते मी शिकवलेलं आहे. तेवढ्याचे गुण द्या. परीक्षकांनी काठावरचे दिले. आमच्या प्रशिक्षणार्थींत सगळ्यात कमी, पण पास. सर खरंच बोलले होते, म्हणून मी त्यांना उलट बोलले नाही. तेवढ्यापुरतंच.

आता नातीच्या बाई म्हणतील, आजींचा निष्कर्ष द्या, कोणता वाद बरोबर. मी देणार नाही. पाठ करायचं ते पाठ करून घ्या, समजायचं त्याला दोर द्या, आणि कुठलं कुठलं ते ओळखता येत नसेल तर शिकवायच्या भानगडीत पडू नका. त्यांना हवं तर शून्य देऊ देत. मी काठावर पास झालेली बाई आहे, मला शून्याची भीती नाही.

ऑफिसातून बाहेर आले तर निंबाखाली चमकीवाली माझी वाट पाहत उभी. दोर तिनं गुंडाळून छातीशी धरला होता. मला वाटलं बक्षीस हवंय. मी पिशवीत हात घातला. तिनं माझा हात तसाच दाबून धरला आणि म्हणाली,

"चिंचोका ऱ्हाऊ द्या बाई. दोर द्या आजच्या दिवस. बाप काही आयकणार नाही, त्याच्याच हातानं मोजायले लावतो."