त्याचं नाव बंद करताना

आमच्या मिरजोळ्याच्या कंपनीत माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याचं खातं कुणी लगेच बंद करत नसे. असू दे, लागलं तर, म्हणायचे सगळे. लागत कधीच नसे, पण कुणाचं तरी नाव पुसून टाकायचं म्हणजे त्याच्या नावानं आंघोळ केल्यासारखं वाटायचं लोकांना. मी मात्र माझ्या शेजारच्या टेबलावरचा तो गेला त्या दिवशी त्याचं सगळं बंद केलं. हौसेनं केलं, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघं मिळून कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचो. कंपनी मासळीची, कोळंबी आणि माकूल गोठवून परदेशी पाठवणारी. तो हर्णैचा, होडीवाल्यांच्या घरातला. काम माझ्याइतकंच करायचा, आणि माझ्यापेक्षा जास्त केलं असं मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. पण प्रिंटर अडला की लोक त्याला हाक मारायचे. तो रजेवर असला तर येईपर्यंत थांबायचे, आणि मी समोरच बसलेली असायचे. मी दुरुस्त केलेल्या गोष्टींचंही श्रेय त्याला जायचं आणि तो हसत हसत ते घ्यायचा. त्याला पुण्यात मोठी नोकरी लागली तेव्हा मी अभिनंदन केलं आणि घरी जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

शेवटच्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये त्याचा निरोपसमारंभ झाला. त्यानं सगळ्यांसाठी खरवस आणला होता. मी खरवस खाल्ला, वर आले आणि कामाला लागले. आधी मुख्य खातं बंद केलं, मग ते जिथे जिथे उघडं होतं तिथून त्याला बाहेर काढलं. बाहेरून कंपनीत शिरायची वाट बंद केली. त्याची मेल शेठांकडे वळवली. आम्हा दोघांना ठाऊक असलेले सगळे पासवर्ड बदलले. तो लॅपटॉप परत करायला वर आला तेव्हा त्यावर त्याला स्वतःची मेलसुद्धा दिसेना. तो म्हणाला, झकास, असंच करायला हवं. मला त्याचा आणखीच राग आला, कारण मला तो थोडा तरी दुखावला जायला हवा होता.

पण कंपनीत सगळंच मुख्य खात्याला जोडलेलं नसतं. काही सॉफ्टवेअरचे वापरणारे वेगळे, त्यांचे पासवर्ड वेगळे. मुख्य खातं बंद केलं तरी तिथलं नाव जिवंत राहतं. म्हणून काही दिवसांनी मी ती एकेक उघडून बघायला बसले, कोण कोण अजून आत आहे आणि कुणाला काय काय करता येतं ते. कोल्ड स्टोरेजच्या तापमानाचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि तिथे तो होता. नुसता होता नव्हे, त्याच सकाळी आत शिरला होता. त्याच्या आदल्या दिवशीही.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. इतकी वर्षं ज्याच्या नावाचा जप ऐकला तो पुण्यात बसून आमच्या शीतगृहात डोकावतोय. मी तशीच शेठांकडे गेले आणि सांगितलं. शेठ कपाळाला आठ्या घालून म्हणाले, त्याचं रिलीव्हिंग लेटर अजून माझ्या टेबलावरच आहे, सही करत नाही, तू खात्री करून ये. ते लेटर दिल्याशिवाय पुण्यातली नोकरी पक्की होणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्यानंच खरवस वाटताना सांगितलं होतं.

जागेवर येऊन मी नोंदी नीट वाचल्या. प्रत्येक वेळी आत शिरणारं मशीन एकच होतं, आणि ते पुण्याचं नव्हतं. आमच्याच कोल्ड स्टोरेजच्या दाराशेजारच्या खोलीतलं होतं. माझा आनंद तिथेच मावळला. खरं सांगायचं तर मी तो स्क्रीन थोडा वेळ तसाच ठेवून चहा प्यायला गेले. मग खाली उतरले.

खोलीत काका होते, कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर. आयुष्य थंडीत काढलेले, उन्हाळ्यातही कानटोपी घालणारे. मी विचारलं, याच्या नावानं कोण आत शिरतं? काका म्हणाले, आम्ही सगळेच. प्रत्येक पाळीला जो असेल तो.

"माझ्या नावान भोंगा गप व्हत नाय गो," ते म्हणाले. "तेचा नाव टाकला की व्हतो."

तेव्हा उलगडा झाला. माल आत नेताना दार उघडं राहिलं की तापमान चढतं आणि भोंगा वाजतो. कुणीतरी आत शिरून 'पाहिलं' म्हणून नोंद केली तरच तो थांबतो. काकांच्या नावाला फक्त बघण्याची परवानगी होती. नोंद करायची परवानगी आम्हा दोघांनाच. दरवेळी वरून खाली यायचा कंटाळा आला म्हणून त्यानं आपला पासवर्डच काकांना देऊन टाकला होता. शिवाय धोक्याचा मेसेज अजूनही त्याच्याच मोबाइलवर जात होता, आणि तो पुण्याहून फोन करून काकांना विचारत होता, दार लावलंत ना? गेल्यानंतरही. मला कुणी विचारलं नव्हतं, मी तर त्याच इमारतीत होते.

मी वर जाऊन शेठांना सगळं खरं सांगितलं. आत शिरणारे आपलेच लोक आहेत, तो नव्हे. पण पासवर्ड वाटला ही त्याची घोडचूक, हेही ठासून सांगितलं. उद्या माल बिघडला असता तर कोणत्या पाळीनं काय केलं ते कळलंच नसतं, नोंदीत सगळीकडे हाच. शेठ हसले. पोरानं काम अडू दिलं नाही, म्हणाले, आणि माझ्यासमोर लेटरवर सही केली. माझ्या जिवाचा नुसता तिळपापड झाला.

खाली येऊन मी त्याचं नाव बंद केलं. पुसलं नाही, कारण जुन्या नोंदी ज्याच्या नावावर आहेत त्याच्याच राहायला हव्यात. मेसेजला माझा आणि काकांचा नंबर लावला. पाळीवरच्या प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि भोंगा थांबवायची परवानगी दिली, ती आधीच द्यायला हवी होती. मग काकांना खुर्चीवर बसवलं आणि नवा पासवर्ड टाकायला सांगितलं.

काका एका बोटानं टाइप करतात आणि अक्षर अक्षर मोठ्यानं म्हणतात. दोन अक्षरं झाली, तिसरं झालं, आणि मला कळलं की ते त्याचं नाव टाकतायत.

मी म्हटलं, "काका, ते नको. दुसरं काहीतरी टाका."

काका विचारात पडले. मग कानटोपी सारखी करून माझ्याकडे बघत म्हणाले, "मंग तुझा नाव टाकू?"

होय म्हणावंसं वाटलं, इतकं की लाज वाटली. रोज प्रत्येक पाळीला त्यांच्या बोटाखाली माझं नाव.

"कुणाचंच नाव चालत नाही काका," मी म्हटलं. "आणि मोठ्यानं म्हणायचं नाही. मलासुद्धा कळता कामा नये."

मी नियमाप्रमाणे पाठ फिरवून उभी राहिले. मागे एका बोटाचे टकटक आवाज येत राहिले, तोंडातून अक्षर नाही. काकांनी शेवटी काय टाकलं ते मला दिसत नाही, दिसू शकत नाही. भोंगा वाजतो, मोबाइलवर मेसेज येतो, काकांच्या नावानं तो थांबतो. आणि दरवेळी मला वाटतं, पासवर्डात त्याचंच नाव टाकलं असणार त्यांनी.