खोट्या खाचा

मला राग पटकन येतो, हे लालबागच्या आमच्या चाळीत कुणाला सांगावं लागत नाही. झेरॉक्सचं मशीन अडलं की त्याच्याशीसुद्धा भांडते मी. पण त्या दिवशी महादेवभाऊंवर जेवढी ओरडले तेवढी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. आणि ओरडून होतं न होतं तोच माझी वाचाच बसली.

महादेवभाऊ म्हणजे आमचे घड्याळजी. चाळीच्या जिन्याखाली त्यांचं टेबल आणि जिन्याच्या दुसऱ्या अंगाला माझं झेरॉक्सचं दुकान. वडील गिरणीत होते, पण भाऊंना कापसाच्या धुळीत जायचं नव्हतं. पोरवयातच गिरगावातल्या एका घड्याळाच्या दुकानात जाऊन बसले, हात बसल्यावर इथे येऊन स्वतःचं टेबल मांडलं. अख्ख्या गल्लीत त्यांचा एकच मोठेपणा होता. भाऊंच्या हातून उघडलेल्या घड्याळाच्या पाठीवर ओरखडा सापडायचा नाही. भिंग लावून शोधा खुशाल.

आणि उघडायचे कसे, तर न बघता. गिऱ्हाइकाने घड्याळ दिलं की ते उलटं करायचे आणि उजव्या अंगठ्याने पाठीच्या कडेवरून एक फेरा मारायचे. नजर कुठेतरी समोरच्या मसाल्याच्या गिरणीच्या पाटीवर. कडेला नखाएवढी फट लागली, की झाकण नुसतं दाबून बसवलेलं आहे. मग आखूड पात्याचा चाकू त्या फटीत टेकवायचा, दुसऱ्या हाताचा अंगठा पात्याला आडवा धरायचा, म्हणजे पातं निसटलं तरी तळव्यात घुसणार नाही, आणि हलकेच पिळायचं. टक्. कडेभोवती खाचा लागल्या, की झाकण आट्यांचं, फिरवून बसवलेलं. मग घड्याळ छोट्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायचं, तीन दातांच्या पान्याचे दात खाचांत बसवायचे, खाली दाब देत डावीकडे फिरवायचं. आटे सैल असले तर पानाही नको, रबराचा चेंडू वर दाबून फिरवला की झाकण मुकाट्याने यायचं. आणि कोपऱ्यांत बारीक स्क्रू लागले, तर खाचेत पुरेपूर बसेल अशाच तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागणार. अरुंद तोंडाचा घेतला की स्क्रूचं डोकं सोललंच म्हणून समजा. तेही एक सरळ काढून दुसऱ्याला हात नाही घालायचा. समोरासमोरचे आधी थोडे थोडे सैल करायचे, म्हणजे झाकणाखालचं रबर एका बाजूने फुगत नाही.

मला हे सगळं पाठ आहे, कारण गिऱ्हाईक नसलं की मी तिथेच उभी असायचे. भाऊ तिथे एकटे कधीच नसायचे. शेजारी स्टुलावर जाईबाई, भाऊंची बायको, मालवणकडची, म्हणून आम्ही तिला तिच्याच बोलीत वयनी म्हणायचो. मांडीवर मटार नाहीतर मेथी, आणि हाताशी हत्यारांची ताटली. भाऊंचा अंगठा फिरला की जाईबाई घड्याळाकडे एक नजर टाकायची आणि हत्यार त्यांच्या हातात ठेवायची. कधी भाऊ पान्यासाठी हात पुढे करायचे आणि ही चाकू ठेवायची. "पाना गो," भाऊ म्हणायचे. "चाकूच घ्या," ही म्हणायची. आम्हाला हसू यायचं. "भाऊ, ऑपरेशनला नर्स लागते वाटतं!" मी चिडवायचे. वयनी मटाराच्या शेंगा फोडत राहायची आणि काही बोलायची नाही. म्हाताऱ्या नवराबायकोचे लाड आहेत, असं मी समजत होते. डोकं म्हणतात ते हेच माझं.

आता घड्याळाचं. माझा थोरला भाऊ रघु, त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा तो जुना कार्यकर्ता. गर्दीत दोर धरून उभं राहण्यात त्याची जवानी गेली. मंडळाने एकदा सगळ्या जुन्या कार्यकर्त्यांना घड्याळं वाटली. घड्याळ साधंच, दिसायला दणदणीत, आत काही खास नाही. पण पाठीवर प्रत्येकाचं नाव कोरून दिलं होतं. रघुने ते मनगटावरून शेवटपर्यंत काढलं नाही. तो गेल्यावर मी ते वापरायला लागले. घरात रघुचं बाकी असं काही नाही. कपडे वाटले, फोटोत तो ओळखू येत नाही, कारण हसताना तो नेहमी हलायचा. नाव तेवढं होतं, माझ्या मनगटाला टेकलेलं.

घड्याळ बंद पडलं म्हणून मी जिन्याखाली गेले. "भाऊ, सेल घाला."

जाईबाईचं स्टूल रिकामं होतं. "वयनी कुठे?"

"परळला गेलीय हॉस्पिटलात. औषध आणायला. दे इकडे."

कुणाचं औषध, हे मी विचारलं नाही. भाऊंनी घड्याळ उलटं केलं, अंगठा फिरवला. "आट्यांचं," म्हणाले. शेगड्यात आवळलं, ताटली चाचपून पाना उचलला, दात खाचांत बसवले, वर वजन टाकलं आणि फिरवलं.

हललं नाही. "जाम झालंय," म्हणत त्यांनी जोर वाढवला.

खर्रकन आवाज आला. पाटीवर खिळा ओढल्यासारखा. पाना सुटला होता आणि त्याचा एक दात पाठीवरून आरपार गेला होता. मी वाकून पाहिलं. पांढरी, खोल रेघ, बरोबर रघुच्या नावातून. 'र' राहिला होता. 'घु' फाटला होता.

मी किंचाळलेच. "भाऊ! काय केलंत हे! डोळे फुटले का तुमचे?"

जिन्यावरून उतरणारी माणसं थांबली. समोरचा मसाल्याच्या गिरणीवाला बाहेर आला. आणि महादेवभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "का गो? काय झालं?"

मला वाटलं सोंग करतायत. रेघ एवढी की मला हातभर लांबून दिसत होती. "दिसत नाही का समोर?" मी म्हटलं.

त्यांनी घड्याळ शेगड्यातून सोडवलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. अंगठा रेघेवर आला आणि थांबला. परत मागे गेला, परत आला. तोंडावरचा रंग उतरत गेला, आणि मी बघतेय म्हणजे बघतेच आहे.

"नाव होतं इथे," ते म्हणाले. "रघुचं?"

तेव्हा मला कळलं. या माणसाला ती रेघ दिसली नव्हती. अंगठ्याने सांगितली होती.

जाईबाई तेवढ्यातच आली, हातात हॉस्पिटलची पिशवी. गर्दी बघून धावतच. "काय झाला? कोण ओरडला?" मग तिने घड्याळ पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसली. पिशवी कलंडली. आतून डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या घरंगळल्या.

"काचबिंदू आसा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मोतीबिंदू आसतो तर काढून टाकलो आसतो. ह्येच्यात गेली ती नजर परत येणा नाय. नळीतून बघल्यासारखा मधला तेवढा दिसता, ताय धूसर. भिंग लावला की आतला बारीक काम होता. बाजूचा काय दिसणा नाय." मग घड्याळ उचलून तिने माझ्यापुढे धरलं. "ह्यो बघ. ह्यो खाचो शोभेच्यो. आटे नायच ह्येका. ही बघ हय फट."

मी पाहिलं. खाचा होत्या, पण उथळ, नुसत्या ठोकून उठवलेल्या. आणि पट्ट्याच्या बाजूला, कडेला, केसाएवढी फट. झाकण साधं दाबाचं होतं. आट्यांच्या महाग घड्याळासारखं दिसावं म्हणून कारखान्याने खाचांची नक्कल केली होती. डोळा ठेवला असता तर एका क्षणात समजलं असतं. अंगठा खाचांपाशीच फसला.

"चाकूच घ्या." तिचे ते शब्द माझ्या कानात वाजायला लागले. मी ज्याला लाड म्हणत होते ते हे होतं. आमच्या डोळ्यांदेखत ती बाई भाऊंचे डोळे होऊन बसली होती आणि आम्ही दात काढत होतो.

भाऊ उठले. ताटलीतली हत्यारं एकेक करून डब्यात ठेवायला लागले. चाकू, पाना, चेंडू. "बस झालं," ते म्हणाले. "आज नाव गेलं, उद्या कुणाची काच जाईल. टेबल उचलूया जाई."

टेबल उचलायचं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही आवडतही नव्हतं. टेबल गेलं असतं तर भाऊ वरच्या खोलीत खिडकीशी बसले असते, आणि त्यांना ती खिडकीही धड दिसली नसती. मला स्वतःच्या जिभेची शिसारी आली. डोळे फुटले का, असं विचारलं होतं मी.

जाईबाईने डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. चाकू बाहेर काढला. घड्याळ डाव्या मुठीत धरलं, पातं फटीत टेकवलं, अंगठा आडवा लावला आणि मनगट किंचित वळवलं.

टक्.

झाकण सुटलं. नवीन ओरखडा नाही, काही नाही. माझं तोंड उघडंच राहिलं. आणि माझ्यापेक्षा जास्त भाऊंचं. तो आवाज त्यांनी जन्मभर स्वतःच्या हातून ऐकला होता. आता तो समोरून आला होता.

"कधी शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"शेजारी बसान काय नुसते मटार सोलत होतंय?"

"मग कधी बोलली नाहीस."

"तुमी करत होतास ना," ती म्हणाली. एवढंच. चिमट्याने सेल काढला, नवा घातला, झाकणाची खोबण चावीच्या दांड्याशी जुळवली. मग झाकण दाबून बसवायचं छोटं प्रेस पुढे ओढलं; त्यात घड्याळाखाली त्याच्या मापाची वाटी लावावी लागते. तिथे मात्र थांबली. "खालची वाटी खयची लावू?"

भाऊंचा हात वाट्यांच्या खोक्यात गेला, अंगठ्याने दोनचार वाट्या चाचपल्या आणि एक काढून दिली. "ही. काचेवर टेकता कामा नये. नुसती कडेवर. काचेवर दाब आला तर तडकली म्हणून समज."

वाटी कडेवर बरोबर बसली. प्रेस दाबलं, झाकण बसलं, काटा चालायला लागला. जाईबाई उठून भाऊंच्या खुर्चीपाशी गेली, आणि भाऊ, कुणी काही न सांगता, तिच्या स्टुलावर बसले.

मी घड्याळ हातात घेतलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण माझ्या तोंडाला ती सवय नाही. तेवढ्यात भाऊंनी विचारलं, "वाचता येतं का गो नाव?"

"येतं," मी म्हटलं.

ते खोटं होतं हे त्यांच्या अंगठ्याला माहीत होतं. त्यांनी मान डोलावली.

गिरणीवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने मनगटावरचं चालू घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "भाऊ, माझंही बघा जरा. मागे पडतं."

सवयीने भाऊंचा हात पुढे आला. त्यांनी घड्याळ उलटं केलं, अंगठा कडेला लावला. आणि फिरवलाच नाही. तसाच तो उचलून त्यांनी घड्याळ बायकोच्या हातात ठेवलं.

"आधी बघ," म्हणाले. "मग मला सांग."