मान डोलावणारा नवरदेव

माझ्या धाकट्या भावाची दोन स्थळं त्याच्या तोंडानं घालवली. शेती चांगली, स्वभाव गरीब. पण समोरच्यानं टोमॅटो म्हटलं की हा स्वतःच्या टोमॅटोचं रामायण सुरू करणार. तिसऱ्या खेपेला डिंगोरे गावचं स्थळ आलं, तेव्हा मीच त्याला हाती घेतलं. मी जुन्नरच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाईक बोलत असताना मान हलवायची, त्याच्या बोलण्यातला मोलाचा शब्द उचलून परत म्हणायचा आणि गप्प बसायचं, हे आम्हाला शिकवलेलं आहे. माणूस खुलतो आणि वरच्या किमतीचा फोन घेऊन जातो. तेच मी भावाला शिकवलं.

मुलगी बघायला गेलो, तर तिच्या वडिलांनी उसात बिबट्याची पिल्लं सापडल्याचं काढलं. "पिल्लं?" भाऊ म्हणाला आणि थांबला. झालं! पिल्लांवरून ते वनखात्यावर गेले, तिथून सोसायटीच्या निवडणुकीवर, तिथून स्वतःच्या गुडघ्यावर. "गुडघा?" भावानं मान हलवली. मुलीच्या आईनं पदराआड जांभई दिली. मधेच वडिलांनी मुलीच्या नोकरीचं सांगितलं, भाऊ लगेच "नोकरी?" म्हणाला आणि मला माझ्या शिकवणीचा भलताच अभिमान वाटला.

मग दोघांना बोलायला ओट्यावर बसवलं. रिवाजाप्रमाणे दार उघडं, आणि रिवाजाप्रमाणेच माझे कान तिकडं. मुलगी नारायणगावला एका पतसंस्थेत काउंटरला होती. तिनं विचारलं, बाबा माझ्या नोकरीबद्दल काय म्हणाले?

"नोकरी?" भाऊ म्हणाला.

"हे आम्हालाही शिकवलंय," ती म्हणाली. "ते काय म्हणाले, तेवढं सांगा."

भाऊ कानापर्यंत लाल झाला. "ऐकायचं राहिलं. मी पुढचा शब्द शोधत व्हतो."

तिसरंही स्थळ गेलं, आणि या वेळी माझ्यामुळं, असं वाटून मला रडूच आलं. पण ती उठली नाही. तिनं सगळं पुन्हा सांगितलं. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, यायला उशीर होतो, संध्याकाळची एसटी कधी येते कधी येत नाही. भाऊ या वेळी मान हलवायचं विसरला. शब्दही उचलला नाही. नुसता तिच्याकडं बघत बसला, आणि तिचं संपल्यावर म्हणाला, "एसटी नाय आली तर फोन करा. मी गाडी घेऊन येत जाईन."

मुलीचे वडील मात्र आतून हे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

दोनच दिवसांत त्यांचा फोन आला. पोरगी हो म्हणते म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता. मी घाबरतच विचारलं, तुमचं काही मनात आहे का?

"पोरीपुढं दगडावानी बसला व्हता. मान न्हाई, हुंकार न्हाई," ते म्हणाले. "माझ्याशी मात्र पयल्यासारखंच बोलू द्या त्याला. घरात माझं कोण ऐकत न्हाई, ताई."


"कोण ऐकत नाही?" मी म्हणाले, आणि फोन ठेवेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली.