दोन डॉक्टरांच्या पिशव्या

अंजनगावचा संत्र्याचा बगीचा विकून महिना झाला नाही, तोच बाबा अंगणात चक्कर येऊन पडले. विकला तो त्यांनीच. दोन वर्षांपासून अंगच चालत नव्हतं. चार झाडं फिरले की दम लागायचा, उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. "आता होत नाई, बाई," म्हणायचे. मी आणि दादा मान डोलवायचो. वय कोणाला चुकलंय!

अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा नाडी फारच मंद लागत होती. ईसीजीची पट्टी काढली, रक्त नेलं, आणि मग दवाखान्यातली फार्मासिस्ट मुलगी एक फॉर्म घेऊन खाटेजवळ बसली. घरी चालू असलेलं प्रत्येक औषध, किती, केव्हा, कोणी लिहून दिलेलं, शेवटचं कधी घेतलं, असे रकाने. शेवटचा रकाना डॉक्टरांचा: चालू ठेवायचं, बदलायचं की थांबवायचं.

मला तर सगळं तोंडपाठ. बाबांच्या हृदयाचे डॉक्टर अमरावतीचे, मीच त्यांना दाखवून आणते. मी भराभर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तोंडी नको. पाकिटं दाखवा. आणखी कुठल्या डॉक्टरांचं काही? चूर्ण, काढा, दुखण्याची गोळी?"

"नाही हो, दुसरं काही नाही!" मी फटकारलंच. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, त्यात ही परीक्षा.

तिने मला सोडलं आणि बाबांना विचारलं. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

"अकोल्याची हाये," ते हळूच म्हणाले. "त्या बॅगेत पाह्य."

अकोल्याला दादा असतो. बाबा चार महिने त्याच्याकडे, चार माझ्याकडे, उरलेले गावी. साखरेसाठी दादाने त्यांना तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवलं होतं, एवढं मला माहीत होतं. पण त्या डॉक्टरांनी रक्तदाबाचंही औषध दिलंय आणि ते अजून चालू आहे, हे मला आज कळत होतं. कपड्यांच्या खालून मी कापडी पिशवी काढली.

मुलीने दोन्हीकडची पाकिटं पलंगावर मांडली. वरची मोठी नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. ती प्रत्येकावरचं खालचं बारीक नाव वाचत गेली आणि दोन पाकिटं तिने शेजारी ठेवली. आत औषध एकच होतं, रक्तदाब आणि नाडीचा वेग कमी करणारं. अकोल्याची गोळी तर दुप्पट ताकदीची.

"बाबाजी, आज दोन्ही घेतल्या?"

"रोजच घेतो ना. सकाउन दोनी."

"अहो बाबा, पण अमरावतीच्या डॉक्टरांना अकोल्याचं का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

"कसं सांगू? त्याले वाटंन, याचा आपल्यावर भरोसा नाई. अन् तू आणते, दादा बी आणते. एकाची खाल्ली अन् एकाची ठेवून देल्ली, बरं दिसते का?"

दोन लेकरांच्या घरी जेवताना जसा कोणाचाच आग्रह मोडायचा नाही, तशा त्यांनी गोळ्या खाल्ल्या. आणि आम्ही दोघं आपापल्या डॉक्टरांचं कौतुक करत बसलो. दादाचा डॉक्टर भारी की माझा, यावर राखीच्या दिवशी वादही झाला होता. दुसऱ्याने काय दिलंय, हे काही कोणी विचारलं नाही.

डॉक्टर आले, फॉर्म बघितला, पट्टी पुन्हा बघितली. अकोल्याची ती गोळी कायमची बंद, अमरावतीची सध्या थांबवायची, बाकीची चालू. नाडीवर लक्ष. "वय आहेच," ते म्हणाले, "पण हा थकवा बहुतेक या गोळ्यांचाच."

दोन-तीन दिवसांत नाडी वर आली. मग एकच गोळी, लहान मात्रेत, पुन्हा सुरू केली. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी एकच यादी हातात दिली आणि सांगितलं, कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना हीच न्यायची. दादाही अकोल्याहून आला होता. बाबा व्हरांड्यात झपझप चालून दाखवत होते. दम नाही, अंधारी नाही. किती वर्षांनी त्यांना असं बघत होते मी! आनंद व्हायला हवा होता. दादा मात्र आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला, आणि मला कळलं, त्याच्याही मनात विकलेला बगीचाच होता.

बाबा येऊन खाटेवर बसले.

"म्हंजे मी म्हातारा नोतो झालो, बाई?"

"नव्हता झालात, बाबा."

त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

"मंग आता दिवसभर करू काय मी?" त्यांनी विचारलं.