अंगठ्याशेजारचा बदाम

नवरा गेल्यावर मला दुसरं स्थळ आणलं ते माझ्या सख्ख्या नणंदेने. खालापूरला एका लग्नात तिने मला पंगतीत एका गृहस्थांच्या शेजारी बसवलं आणि आपण पापड वाढायचं निमित्त करून पसार झाली. गृहस्थ पोशीरचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरची भातशेती आणि खोपोलीकडच्या एका कारखान्यात नोकरी. हळदीकुंकवाची कोयरी मला वगळून पुढे गेलेली त्यांनी पाहिली असावी. वाढपी माझं पान सोडून पुढे निघाला तेव्हा त्यांनी त्याला हाक मारली, "अरं, इथं भात राहिला." मला ते फार बरं वाटलं.

वन्संनी माझा नंबर त्यांना दिला, त्यांचा मला दिला, आणि बजावलं, "वहिनी, बोला एकमेकांशी. पण रविवारच्या आत हो की नाय ते सांगा. माणसाला टांगून ठेवू नये."

मी कर्जतला घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडून ब्लाउज शिवते. माझ्या फोनवर गिऱ्हाइकांचे गळ्याचे फोटो येतात, दुसरं काही नाही. त्यामुळे या नव्या कारभारात मी मुलीला विचारायला गेले, आणि तिथेच चुकलं. मुलगी नेरळला नोकरी करते, स्वतःचं लग्न अजून जमलेलं नाही, पण दुसऱ्याच्या चॅटमधलं तिला सगळं कळतं.

मी लिहिलं, "पोचलात का घरी?" त्यावर उत्तर नाही, माझ्याच वाक्याच्या खाली चिकटलेला एक अंगठा. "आज फार उकडतंय." अंगठा. "तुमच्याकडे कोलम भात लावता का?" अंगठा. मी चिडले. आमच्याकडे अंगठा दाखवला म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं!

"आई, तो नकार नाही," मुलगी म्हणाली, "पण इंटरेस्टही नाही. बोलणं संपवायचं असलं की लोक हे देतात. आणि टिका बघ."

टिका म्हणजे त्या बरोबरच्या खुणा. एक असली तर मेसेज निघाला, दोन झाल्या की त्यांच्या फोनवर पोचला, आणि दोन्ही निळ्या झाल्या की वाचला. यांच्या कधी निळ्या होतच नव्हत्या. दिवसभर एकच खूण, संध्याकाळी दोन करड्या, मग अंगठा. म्हणजे वाचत होते नक्की, तरी खुणा करड्याच.

"निळ्या टिका बंद करून ठेवल्यात त्यांनी. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोण करतं?" मुलगी म्हणाली.

मग त्यांची एक व्हॉइस नोट आली. अगदी छोटी. "तुमी जेवलात का? मी आत्ताच आलोय." बस्स. पण आवाज असा भरदार, की मी ती काजं करताना ऐकली, हुक लावताना ऐकली, पोळ्या लाटताना ऐकली. मग एकदम घाबरले. किती वेळा ऐकली ते त्यांना दिसत असेल तर? मुलगी म्हणाली, "नाही गं, पहिल्यांदा ऐकलीस की तिथला माइक निळा होतो, तेवढंच दिसतं. शंभरदा ऐक." एवढं सांगून तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि ती नोट दुप्पट वेगाने लावली. माझ्या भरदार आवाजाचा पार पोपट झाला.

"थांब. मागे ऐक. बाई हसतेय!"

ऐकलं. खरंच कुणीतरी खुदकन हसत होतं. मेली हसत होती म्हणजे चांगली खुशीत होती.

आता आमच्या घरात पंचायतच बसली. उशिरा उत्तर, बंद टिका, अंगठे आणि हसणारी बाई. मुलीने सगळं एकाला एक जोडून निकाल दिला, "आई, तू सरळ नाही म्हण. वाईट वाटण्याआधी मोकळी हो." आदल्याच दिवशी मी त्यांना रविवारी जेवायला या म्हणून लिहिलं होतं. त्यालासुद्धा अंगठाच आला होता. येणार म्हणून की बघू म्हणून, देव जाणे.

"नका येऊ म्हणून सांगते. लिहायला नको, बोलूनच," मी म्हटलं आणि माइकवर बोट दाबून धरलं. पण शब्द फुटेना. बोट जरा वर सरकलं, मी ते उचललं, फोन मशीनवर ठेवला आणि मुलीवर भडकले.

"तुला काय जातंय नको म्हणायला! मला तो माणूस आवडलाय. पंगतीत एवढी माणसं होती, माझ्या पानात भात नाही हे कुणाला दिसलं? त्यांना दिसलं. आणि मी इथे दिवसभर त्या काळतोंड्या टिका नि ते अंगठे बघत बसते, गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या जोडल्या आज! बाई हसते तर हसू दे. बहीण असेल, शेजारीण असेल. विचारलंय का आपण?"

मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती फोनकडे बघत होती. "आई... ते अजून रेकॉर्ड होतंय."

बोट वर सरकलं की कुलूप लागतं, मग हात सोडला तरी ते ऐकतच राहतं, हे मला कुणी सांगितलं होतं? "बंद कर, कचऱ्याचा डबा दाब!" मुलगी ओरडली. डबा डावीकडे होता, बाण उजवीकडे. मी घाईत बाण दाबला. गेलं!

लगेच दोन करड्या खुणा. "सगळ्यांसाठी डिलीट कर!" पण बघता बघता तो छोटा माइक निळा झाला. टिका बंद ठेवल्या तरी व्हॉइस नोटचा माइक लपत नाही, तो निळा होतोच. ते ऐकत होते. आता पुसून काय करणार? उलट हटवल्याची पाटी तिथे राहिली असती. मी पदर तोंडावर घेऊन बसले. लाजेने जीव जातो म्हणतात ते खोटं, जात नाही, गेला असता तर बरं झालं असतं.

त्यांची नोट आली. मुलीला मी दुकानाबाहेर काढलं आणि एकटीनेच ऐकली, साध्या वेगाने.

"मी बोलतो, जरा ऐका. कंपनीत फोन बंद करून गेटवर ठेवाय लागतो, म्हणून उशीर. त्या टिका पुतण्यानं बंद केल्यात. भावकीतली माणसं म्हणायची, वाचलंस नि उत्तर नाय दिलंस. आनि मागं हसली ती माझी भावजय. तेवढं एक वाक्य मी चार वेळा खोडून परत बोललो, म्हणून हसत व्हती. अंगठ्याचं म्हणाल तर चष्मा घरी ऱ्हातो. मेसेज दाबून धरला की चित्रांची रांग येते, त्यात पयला अंगठा हाय. त्याच्या शेजारी बदाम. माझी बोटं ही अशी जाड. चुकून बदाम लागला तर तुमी काय म्हणाल, म्हणून पार कडेला दाबतो. रविवारी येतो. भात जरा जास्त टाका."

मी वन्संना तिथल्या तिथे फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. मुलीला बाहेरून ऐकू गेलंच. ती आत येऊन गळ्यात पडली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण गेटवर सगळ्यांचेच फोन घेतात का, विचारायला हवं." मी तिला कापडाची पट्टी फेकून मारली.

रविवारी ते आले, दोनदा भात घेतला, फार बोलले नाहीत. परत गेल्यावर मी लिहिलं, "पोचलात का घरी?" थोड्या वेळाने त्या वाक्याखाली लाल बदाम.

मुलगी वाकून बघत होती. "आई, आनंदू नकोस लगेच. शेजारीच असतो ना तो, बोट सरकलं असेल."

या खेपेला मी तिच्याशी चर्चा केली नाही. त्यांनाच विचारलं, "चुकून लागला का?"

उत्तर लिहून आलं. टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला, मी तसाच फोन हातात धरून बसले होते.

"नाय. चष्मा लावून दाबला."