पोस्टरवरची अक्षरं

लाखनीत हायवेला लागून माझं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, राइस मिलच्या थैल्यांवरची छपाई आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत नाटकांची पोस्टरं, एवढं काम. वाढदिवसाचे बॅनर आता लोक मोबाइलवरच करून घेतात, त्यामुळे दोनेक वर्षांपासून दुकान मंदावलं होतं. नागपूरच्या एका पॅकेजिंग स्टुडिओला तांदळाच्या थैल्यांचं काम जाणणारा बाहेरचा माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा मी माझ्या निवडक कामांची फाइल तयार करून पाठवली. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं आपली कामं दुसऱ्याला तपासायला द्यायची म्हणजे जरा अवघडच वाटतं.

आठवड्यानं तिथल्या प्रमुख बाईंचा मेल आला. त्यांनी प्रत्येक पान नीट पाहिलं होतं. त्यांचे मुद्दे चार होते. फाइलमध्ये लग्नपत्रिका फार आहेत, त्यांचा इथे उपयोग नाही. गडद हिरव्यावर पांढरी बारीक अक्षरं विणलेल्या थैलीवर शाईनं भरून जातील, आणि थैली भरल्यावर कशी दिसते ते कुठेच दाखवलेलं नाही. थैलीच्या तोंडाशी असलेले दोन रंगांचे पट्टे विनाकारण वाटतात. चौथा मुद्दा नाटकाच्या पोस्टरचा होता. त्यांनी लिहिलं होतं, 'यातलं शीर्षकाचं अक्षर या फाइलमधली सर्वांत चांगली गोष्ट आहे. पण ते तुमच्या बाकीच्या कामाशी जुळत नाही. यात तुमचं काम नेमकं कोणतं?' शेवटी म्हटलं होतं की यावर उत्तर द्या, मग पुढचं बोलू.

मी त्याच दुपारी उत्तर लिहून काढलं. पत्रिका इथल्या गिऱ्हाइकांना आवडतात, बारीक अक्षरांचा आग्रह मिलवाल्याचा होता, पट्टे का आहेत हे मिलमध्ये काम केलेल्यालाच कळतं. चौथ्या मुद्द्याला एकच वाक्य लिहिलं: शीर्षकाची अक्षरं आमच्या दुकानातली आहेत.

दुकानाचा काउंटर बायको सांभाळते. तिनं ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे उत्तर होय का भांडन? त्या बाईले काम मांगून राहिले का शिकवून राहिले तुमी?"

मी म्हटलं, पट्ट्यांचं तर मी खरंच सांगतोय. ती म्हणाली, खरं आहे तर साधं सांगा ना, तिले कमी कायले दाखवता? मग पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आन हे? दुकानातली मंजे कोनाची?"

कोणाची ते तिला ठाऊक होतं.

ती अक्षरं पेंटरकाकांची. मी अठराव्या वर्षी त्यांच्याकडे ब्रश धुवायला लागलो आणि तिथंच रंगकाम शिकलो. पुढे मी फ्लेक्सची मशीन आणली आणि चार-पाच वर्षांत त्यांचं बोर्ड रंगवायचं काम बंद पडलं. दुकान बंद करून ते आसगावला लेकीकडे गेले, तेव्हा जाताना त्यांनी अक्षरांच्या कागदांची गुंडाळी माझ्या हातात दिली, ठेव म्हणाले. मी ती स्कॅन केली. त्यानंतरच्या प्रत्येक मंडईत माझ्या पोस्टरांवर तीच अक्षरं होती, आणि कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव. त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. भेटायला जाणंही हळूहळू बंद झालं होतं, आणि त्याचं कारण मी स्वतःला कामाचा व्याप असं देत आलो.

उत्तर तसंच ठेवलं, पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या तीन मुद्द्यांवर पुन्हा बसलो. पत्रिका काढून टाकल्या, फक्त एक ठेवली. मिलच्या गोदामात जाऊन भरलेल्या थैल्यांचे फोटो काढले. पहिल्या लॉटची एक जुनी थैली तिथल्या हमालांनी पाण्याचा माठ झाकायला वापरली होती. तिच्यावर शिजवण्याच्या सूचनेतली अक्षरं खरोखरच भरून गेली होती, वाचता येत नव्हती. दुसऱ्या लॉटला मी अक्षरं जाड केली होती. दोन्ही फोटो शेजारी लावून खाली लिहिलं: तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पहिल्या लॉटला माझी ही चूक झाली होती, दुसरा लॉट असा आहे. पट्ट्यांबद्दल लिहिलं, की गोदामात थप्पी लागली की थैलीचं तोंडच तेवढं दिसतं, आणि हमाल नाव न वाचता पट्ट्याच्या रंगावरून तांदळाची जात ओळखतात. हे मी चित्राखाली लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. वाचून पाहिलं तर पहिल्यापेक्षा निम्मंच झालं होतं. चौथ्या मुद्द्याची जागा मोकळी होती.

रविवारी मोटारसायकलनं आसगावला गेलो. धानाची कापणी झाली होती, अंगणात एका बाजूला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग होता. काका खाटेवर बसून शेंगा सोलत होते. उजवा हात आता थोडा थरथरतो.

"काय गा, रस्ता सापडला का?" ते म्हणाले.

मी इकडचं तिकडचं बोलणार होतो, पण लेकीनं चहा आणून दिला आणि मी तो हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. गुंडाळी, स्कॅन, इतकी वर्षं, नागपूरचा प्रश्न. माफी मागितली.

काका शेंगा सोलतच राहिले. "मी पायतो ना मंडईत. आपलं अक्षर ओळखू येत नाई का मानसाले? दरसाल वाटे, पोरगा औंदा येईल सांगाले."

मी कप खाली ठेवला.

मग ते म्हणाले, "त्या बाईनं काय लिवलं, ते वाच पाहू."

मी मोबाइलवरून वाचून दाखवलं. सर्वांत चांगली गोष्ट, या शब्दांशी त्यांनी हात थांबवला. पोस्टर दाखव म्हणाले. मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"ही वेलांटी जड झाली. तवा घाईत काढली मी. तिले सांग, हे बी चुकलंच हाये."

कुणी विचारलेलं नसताना त्यांनी आपली चूक दाखवली होती, तीही सर्वांत चांगल्या म्हटलेल्या कामातली. मी दोन दिवस घालवून जे जमवत होतो, ते त्यांना शेंगा सोलता सोलता आलं.

मी विचारलं, तुमचं नाव लिहू का? ते म्हणाले, "लिव ना. मंग आलास कायले?"

घरी येऊन मोकळी जागा भरली. शीर्षकाची अक्षरं माझ्या गुरूंची आहेत, असं त्यांचं नाव आणि गाव देऊन लिहिलं. मांडणी, चित्र आणि रंग माझे. फाइल पाठवताना हे लिहायला हवं होतं, आणि इतकी वर्षं पोस्टरांवरही लिहायला हवं होतं. वेलांटी जड आहे असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. बायकोनं वाचलं, एक ओळ खोडायला लावली, ज्यात मी स्वतःला फारच दोष दिला होता. ती म्हणाली, तिले काम पायजे, तुमचं रडनं नाई. ती ओळ खोडली आणि उत्तर पाठवलं.

चार दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. एका पोह्याच्या पाकिटाचं काम करून पाहायला त्यांनी दिलं होतं, पुढचं त्यावरून ठरणार होतं. पट्ट्यांची माहिती उपयोगी आहे, असं म्हटलं होतं. आणि पाकिटावरचं नाव तुमचे गुरू हातानं काढून देतील का, असं विचारलं होतं.

काकांनी ते नाव अकरा वेळा काढलं. मी आसगावला गेलो तेव्हा त्यांनी दहा कागद बाजूला सारले आणि अकरावा माझ्यापुढे धरला. म्हणाले, "पाय, आन काय चुकलं ते सांग." मी पाहिलं. एक काना कललेला वाटला. आधी सांगावं की नाही असं झालं, मग सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि बारावा कागद ओढला.