तक्ता ४.३ कुठे आहे?

मी क्षमाशील वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगून टाकते.

पंचवटीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांशी मी दोन वर्षं बोलले. त्यातून माझ्या पीएच.डी.चं चौथं प्रकरण झालं. माझ्याच गाइडकडे एक सीनियर सरही पीएच.डी. करत होते. ते एक दिवस पेनड्राइव्ह घेऊन आले. "ताई, तुमचा हात बसलाय. जरा हेडिंगं आणि तक्त्यांचे नंबर लावून द्या ना. उद्या प्रबंध छापायला द्यायचाय."

फाइल उघडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं दुसरं प्रकरण म्हणजे माझं चौथं! शब्द न् शब्द, विभागाच्या कॉम्प्युटरवरून उचललेलं. तशीच उठून गाइडकडे गेले, तर म्हणाले, "जाऊ द्या हो, त्यांचं प्रमोशन अडलंय. तुम्ही दुसरं काहीतरी लिहा." म्हणजे प्रबंध आधी त्यांचा जाणार आणि चोर मी ठरणार!

मग मी सांगितलं तेवढंच काम केलं, अगदी मन लावून. प्रकरणाचं नाव पहिल्या पातळीचं हेडिंग, त्याखाली २.१, त्याच्या पोटात २.१.१. तक्त्याचा मथळा वर, आकृतीचा खाली. मथळ्यांतले आकडे प्रकरणाच्या नंबराला बांधलेले होते, त्यामुळे अपडेट करताच ४.३ चा २.३ झाला. मजकुरातले 'तक्ता ४.३ पाहा' हे उल्लेख मात्र मूळ प्रकरण लिहिताना मी आळशीपणानं हातानं टाइप केले होते. मथळ्यांना जोडले असते तर तेही बदलले असते. मला ते एकूण एक दिसले आणि मी एकालाही हात लावला नाही.

फाइल देताना म्हटलं, "सर, एकदा नीट वाचून घ्या हं."

"त्यात वाचायचंय काय!"

त्यांच्या खुल्या तोंडी परीक्षेला मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर केला. "इथे 'तक्ता ४.३ वरून दिसते' असं म्हटलंय. तुमच्या चौथ्या प्रकरणात तर एकही तक्ता नाही. कुठे आहे हा?"

सर पानं उलटत राहिले. "टायपिंग मिस्टेक, सर."

"आणि आकृती ४.२? सगळीकडे चारच कसा?"

श्रोत्यांनाही बोलायची मुभा असते. मी उठले आणि चौथं प्रकरण जोडलेला माझा जुना प्रगती अहवाल टेबलावर ठेवला. "सर, तक्ता ४.३ इथे आहे." पहिल्याच पानावर विभागाचा शिक्का, तारीख आणि आमच्या गाइडची सही. गाइड छताकडे बघत होते. परीक्षकांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि परीक्षा तिथेच थांबवली. काय गार वाटलं मला!

जिन्यात सरांनी मला गाठलं. "ताई, निदान सांगायचं तरी!"

"तुम्ही हेडिंगं आणि नंबर सांगितले होते, सर. मजकूर तुमचा होता ना?"